घोटा मुरगळल्यावर तळमजल्याची खोली: वॉर्डनकडे मंजूर झालेला अर्ज

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हातात कुबड्या. तोंडी विचारलं तर वॉर्डनसर "बघू" म्हणाले. मग 'पायाला फार त्रास होतो, खोली बदलून द्यावी' असा अर्ज दिला, तो आठवडाभर टेबलावरच पडून राहिला. जिन्यात बसून रडायचीच वेळ आली होती.

किती दिवसांसाठी हवी, हे अर्जात नव्हतंच. सरांना ती कायमची बदली वाटली.

मग आधी डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या चिठ्ठीवर नुसतं 'विश्रांती' होतं. आता दाखल्यावर 'उजव्या घोट्याच्या लिगामेंटला इजा, चार आठवडे जिने चढू नयेत' असं तारखेसह लिहून घेतलं. नंतर तळमजल्यावरचा एक मुलगा तेवढ्या दिवसांसाठी अदलाबदलीला तयार झाला, त्याची लेखी संमती सहीसह घेतली. मगच अर्ज लिहिला:

"विषय: चार आठवड्यांसाठी तळमजल्यावर खोली मिळणेबाबत.

महोदय, माझा उजवा घोटा मुरगळला असून डॉक्टरांनी चार आठवडे जिने चढण्यास मनाई केली आहे. तळमजल्यावरील एक विद्यार्थी तेवढ्या काळासाठी खोली बदलण्यास तयार आहे. मुदत संपताच मी माझ्या मूळ खोलीत परत जाईन. दाखला व संमतीपत्र सोबत जोडले आहे. तरी परवानगी द्यावी, ही विनंती."

दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्याच संध्याकाळी मंजुरी मिळाली. सामान मात्र मित्रांकडून हलवून घ्या, ट्रंक उचलायला जाल तर घोटा पुन्हा सुजेल.