वडगाव-शहापुरात राहायला आलात? व्हॅक्युमच्या रोलरकडे लक्ष ठेवा

साताऱ्याहून बेळगावात येऊन मला बरीच वर्षं झाली. पहिलं भाड्याचं घर वडगावात, शेजारी साड्यांचे माग. तिथं चपलेला चिकटून घरभर बारीक चमकदार दोरा येतो. त्यात लांब केस मिसळले की व्हॅक्युमच्या रोलर ब्रशला घट्ट दोरखंड वळला जातो.

मधले वेढे डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण तेवढेच काढतो. पण फिरता फिरता केस दोन्ही टोकांकडे सरकतात आणि तिथल्या टोपी नि बेअरिंगच्या फटीत शिरतात. माझं तसंच झालं. मध्ये ब्रश स्वच्छ, तरी रोलर अडखळायचा आणि रबर जळल्यासारखा वास यायचा. रोलर अडल्यामुळे मोटरचा पट्टा जागीच घसरत होता.

आधी प्लग काढा. बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरीच काढून ठेवा. यंत्र पालथं करून बाजूचं लॉक नाण्यानं फिरवा, म्हणजे रोलर निघतो. ब्रशच्या केसांच्या दोन रांगांमध्ये लांबट खाच असते. शिलाई उसवायचं छोटं हत्यार टेलरच्या सामानाच्या दुकानात मिळतं, ते त्या खाचेतून टोकापर्यंत ओढा. आडवी कात्री चालवली की ब्रशचेच केस कापले जातात. पट्टा बसतो त्या जागी तर धार अजिबात लावू नका.

आता टोपी. बऱ्याच रोलरची टोपी सरळ ओढून निघते, काहींची फिरवून. जोर लावण्याआधी तिच्याभोवतीचे वेढे कापा, बहुतेक वेळा तेच तिला धरून बसलेले असतात. माझ्या टोपीखाली नाण्याएवढी काळी, कडक चकती निघाली. कृत्रिम दोरा घर्षणानं तापून वितळला होता आणि केस त्यात रुतले होते. ती दोन-तीन ठिकाणी चिरून चिमट्यानं तुकडे उचलले. काडी लावून जाळायचा मोह टाळा, त्यात टोपीचं प्लास्टिकही वितळतं.

मग टोपी बोटात धरून रोलर फिरवा. सहज फिरला तर झालं. वाळू रगडल्यासारखं खरखरलं तर बेअरिंग गेलं, आणि टोपीच वितळून वाकडी झाली असेल तर रोलर बदलावाच लागतो. तेल सोडू नका, त्यावर धूळ आणि केस आणखी चिकटतात. रोलर परत बसवताना टोपीचा सपाट भाग यंत्रातल्या खाचेत नीट बसला पाहिजे, नाहीतर चालू करताच खडखड होते.

कामवाल्या मावशी कन्नड बोलणाऱ्या असतील तर एक सांगून ठेवतो. कन्नडमध्ये ‘दार’ म्हणजे दोरा, आणि केस म्हणजे ‘कूदलू’. मावशी मला ‘दार’ अडकलंय म्हणून सांगत होत्या, आणि मी दोन दिवस खोलीचं दार तपासत होतो. मागाशेजारी घर असेल तर दर पंधरा दिवसांनी टोप्या उघडून बघा.