आजीच्या ‘अंदाजे’ला माप कसं लावायचं

सांगलीच्या आमच्या घरात आजी ओल्या हळदीच्या लोणच्याची पहिलीवहिली फेसबुक पोस्ट लिहायला बसली. ‘मीठ अंदाजे’ एवढं टाईप केलं आणि बोट थांबलं. “कुणाचं लोणचं नासलं तर मला नावं ठेवतील गं.” तिची भीती खरीच होती. मीठ कमी पडलं की या लोणच्याला बुरशी येते.

मी तिला माप विचारलंच नाही. मिठाची बरणी आधी वजनकाट्यावर ठेवली, मग तिला नेहमीसारखं हातानं घालू दिलं आणि बरणी पुन्हा तोलली. पाव किलो किसलेल्या हळदीला 40 ग्रॅम मीठ गेलं होतं! लिंबंही तशीच मोजली, सहा लागली. रस कीस बुडेपर्यंत हवा, वर उघडा राहिलेला कीस आधी खराब होतो.

आजीनं ‘अंदाजे’ खोडून आकडे लिहिले. मग स्वतःच एक ओळ वाढवली: “फोडणी पूर्ण गार करून घाला, बरणी कोरडी ठण्ण हवी.” दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं, पदराला हात पुसले आणि ‘पोस्ट’वर बोट ठेवलं.