यूपीआयचा पर्याय अचानक गायब झाला तर

पेमेंटचे पर्याय दाखवताना ऑनलाइन दुकान मुख्यतः दोन गोष्टी बघतं: ग्राहक कुठल्या देशातला आणि बिल कुठल्या चलनात. देशाचा अंदाज बहुधा आयपी पत्त्यावरून घेतात. नेदरलँड्समधल्या ग्राहकाला आयडील दिसतं. त्यात तिथल्या बँक खात्यातून थेट युरो जातात. भारतातल्या खातेदाराला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून ते लपवलेलंच बरं. यूपीआयला तसंच सहसा रुपयातलं बिल लागतं. त्यामुळे पुण्यात बसून व्हीपीएन ॲमस्टरडॅमचा लावला, की दुकानाला आयपी पत्ता तिथला दिसतो, मग भाव युरोत दिसू शकतात आणि यूपीआय नाहीसं होतं. आधी भावापुढचं चिन्ह बघा. € असेल तर व्हीपीएन बंद करून पान पुन्हा उघडा. तरीही तसंच राहिलं, तर बहुतेक दुकानांत पानाच्या तळाशी देश निवडायची यादी असते. तिथे भारत निवडा.