भातखाचरातलं नायट्रेट जातं कुठे? माती प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्राची किंवा कृषीची पदवी घेऊन नवी मुंबईतल्या माती तपासणीच्या कामाला लागलेल्या मुलांना पहिल्या पावसाळ्यात हमखास एक कोडं पडतं. मुरबाड-शहापूरकडच्या एका खाचराची माती पहिल्या सरींनंतर येते तेव्हा तिच्यात नायट्रेट चांगलं निघतं. त्याच खाचराची माती जुलैत, लावणी झाल्यावर येते तेव्हा ते जवळजवळ शून्य. मग मुलं द्रावणं नव्याने बनवतात, ब्लँक पुन्हा घेतात, आकडा काही हलत नाही. तो हलणारही नाही, कारण नायट्रेट खरोखरच गेलेलं असतं.

आधी ते आलं कुठून ते बघू. एप्रिल-मेमध्ये खाचराची ढेकळं तापून कोरडीठाक होतात, मातीतले पुष्कळ सूक्ष्मजीव मरतात. पहिला पाऊस पडला की उरलेले जीव या मेलेल्यांवर आणि सेंद्रिय पदार्थांवर तुटून पडतात. त्यांच्या गरजेपेक्षा जास्त असलेलं नत्र अमोनियमच्या रूपात मातीत सुटतं. हे खनिजीकरण. माती ओली आहे पण तुंबलेली नाही, हवा खेळते आहे, अशा अवस्थेत नायट्रीकरण करणारे जिवाणू त्या अमोनियमचं आधी नायट्राइट आणि लगेच नायट्रेट करतात. लावणी अजून व्हायची असते, रोपं राबातच असतात, त्यामुळे ते उचलणारं पीक शेतात नसतं.

किती नत्र असतं हे? सोपे आकडे घेऊन हिशोब करू. १० ग्रॅम ओली माती १०० मिलि दोन मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये तासभर हलवून गाळली. त्यातला ५० मिलि भाग ऊर्ध्वपातनाला घेतला, म्हणजे ५ ग्रॅम ओली माती. कोरड्या वजनावर ओलावा २५ टक्के असेल तर ती ४ ग्रॅम कोरडी माती. आधी मॅग्नेशियम ऑक्साईड टाकून अमोनियम काढून घेतलं, मग डेवार्डा मिश्रधातू टाकून नायट्रेट. ब्लँक वजा करून ०.००५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ०.७ मिलि लागलं. या आम्लाच्या १ मिलिला ७० मायक्रोग्रॅम नत्र, म्हणून ४९ मायक्रोग्रॅम. भागिले ४, म्हणजे किलोला साधारण १२ मिलिग्रॅम. वरच्या १५ सेंमी थराची घनता १.३ धरली तर हेक्टरी माती सुमारे १९.५ लाख किलो, आणि नायट्रेटमधलं नत्र २३-२४ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ५० किलोच्या आसपास युरिया. ४५ किलोच्या गोणीहून जास्तच. ओलाव्याची दुरुस्ती विसरलात तर किलोला १२ मिलिग्रॅमच्या जागी ९.८ येतात. नवख्यांच्या वहीत मला सर्वात जास्त हीच चूक दिसते.

आता चिखलणी. खाचरात पाणी बांधलं की मातीतला ऑक्सिजन एखाद्या दिवसातच संपतो, कारण पाण्यातून तो फार हळू खाली झिरपतो. हवेवर जगणारे पण हवेविना तगणारेही कितीतरी जिवाणू मग श्वसनासाठी नायट्रेटकडे वळतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साईड, नायट्रस ऑक्साईड आणि शेवटी नायट्रोजन वायू. हे विनायट्रीकरण. त्यासाठी कुजणारं कार्बनी खाद्य लागतं, आणि चिखलात गाडलेली धसकटं, गवत, शेणखत ते भरपूर पुरवतात. जी माती सेंद्रिय पदार्थाने चांगली, तीच पाण्याखाली नायट्रेट झपाट्याने घालवते. विद्यार्थ्यांना हे पटायला वेळ लागतो.

दुसरी वाट निचऱ्याची. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋण भार, त्यामुळे ते धरून ठेवलं जात नाही, पाण्याबरोबर खाली जातं. चिखलणीमुळे खाचराखाली घट्ट थर तयार होतो आणि निचरा मंदावतो. पण चिखलणीच्या आधी, जूनच्या जोरदार सरींत, ही वाट उघडी असते. बांधावरच्या वरकस जमिनीत तर ती मोसमभर उघडीच.

मग गेलं ते वायू होऊन की खाली? नवा माणूस १५ ते ३० आणि ३० ते ४५ सेंमीचे नमुने घेतो आणि तिथे नायट्रेट वाढलेलं दिसलं नाही की ‘विनायट्रीकरण’ लिहून मोकळा होतो. घाई नको, पाणी त्याहून खोलही गेलेलं असू शकतं. थोडा भरवशाचा मार्ग क्लोराईडचा. ते नायट्रेटसारखंच पाण्याबरोबर जातं, पण जिवाणू त्याचा वायू करत नाहीत. दोन्ही एकाच प्रमाणात घटले तर निचरा, नायट्रेटच जास्त घटलं तर विनायट्रीकरणाकडे बोट. क्लोराईड मात्र साध्या पाण्याच्या अर्कात मोजायचं. पोटॅशियम क्लोराईडच्या अर्कात ते मोजायला बसलेला मुलगा आमच्याकडे होऊन गेलाय! शिवाय खाडीजवळच्या शेतात, किंवा म्युरेट ऑफ पोटॅश टाकलेलं असेल तिथे, ही तुलना चालत नाही.

नमुन्याची वाहतूक हा तितकाच मोठा भाग. आसनगावहून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे किंवा तुर्भे, एवढ्या वेळात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली ओली, उबदार माती स्वतःच एक छोटं खाचर होते. आत विनायट्रीकरण चालू राहतं आणि अमोनियम वाढत जातं. उलट ओली माती कागदावर पसरून वाळवत ठेवली तर सुकता सुकता नायट्रीकरण होतं आणि नसलेलं नायट्रेट दिसू लागतं. म्हणून थर्मासच्या डब्यात बर्फ, आणि पोचल्याबरोबर अर्क. त्या दिवशी जमणार नसेल तर नमुना गोठवून ठेवा. संशय आला तर त्याच मातीचा एक भाग शेतावरच पोटॅशियम क्लोराईडमध्ये टाकून आणा आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

शेतकऱ्याच्या अहवालातलं ‘उपलब्ध नत्र’ ही वेगळी गोष्ट. ते क्षारीय परमँगनेट पद्धतीने, वाळवलेल्या मातीतून काढतात. हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त. हंगामात सेंद्रिय भागातून किती सुटू शकेल त्याचा तो अंदाज असतो. आज मुळांपाशी काय आहे हे तो सांगत नाही.

मुरबाडकडचे एक काका फोनवर म्हणाले, “मॅडम, मग लावणीला टाकलेला युरियाबी असाच उडतो का?” वर फेकलेला बराचसा, हो. तुंबलेल्या खाचरात पाण्याला लागून काही मिलिमीटरचा थर हवेशीर असतो. फेकलेल्या युरियाचं तिथे अमोनियम होतं. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू चढला की त्यातलं काही अमोनिया होऊन उडतं, काहीचं नायट्रेट होतं. ते नायट्रेट खालच्या हवाविहीन थरात उतरलं की वायू झालंच समजा. युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंमी खोल खोचली तर अमोनियम त्या हवाविहीन थरातच राहतं. नायट्रीकरणाला तिथे ऑक्सिजन नाही, आणि धन भारामुळे अमोनियम मातीला धरून असतं.

काकांचा पुढचा प्रश्न नाचणीचा होता, वरकसावर ब्रिकेट चालेल का? मी नाही म्हटलं. तिथे खालीही हवा असते, ब्रिकेटचं नायट्रेट होणारच आणि जुलैच्या पावसात ते मुळांखाली उतरणार. तिथे युरिया दोन हप्त्यांत, थोडा थोडा, सरींची उघडीप बघून.