उपक्रम फसला, तरी उद्दिष्ट सोडू नये
तासगाव तालुक्यातील एका शाळेत पाचवीला अपूर्णांकांची तुलना शिकवताना नव्या बाईंनी मुलांना वहीचे पान दुमडून १/३ आणि १/४ भाग रंगवायला सांगितले. पण पाने लहानमोठी असल्याने एकाचा पाव भाग शेजाऱ्याच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठा दिसला आणि ‘चार मोठे, म्हणून १/४ मोठा’ हा समज उलट पक्का झाला. बाईंनी तुलना तेवढी ठेवली, बेरीज दुसऱ्या दिवसावर ढकलली आणि फळ्यावर सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या एकाखाली एक आखून त्यांचे समान भाग मुलांकडूनच करवून घेतले. पडताळणीसाठी मात्र त्याच संख्या पुन्हा विचारू नयेत. त्यांनी १/५ आणि १/६ कारणासह विचारले, आणि ‘वाटेकरी वाढले की वाटा कमी होतो, बाई’ असे उत्तर आल्यावरच त्या पुढे गेल्या.