रक्तदान शिबिरातलं भाषण कसं तयार कराल?

कॉलेजच्या शिबिरात बोलायला उभं राहाल तेव्हा समोर रांगेत मुलं असतील, अर्ध्यांच्या पोटात गोळा आलेला असेल. त्यांना पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नका. ‘रक्तदान श्रेष्ठदान’ त्यांनी फलकावर वाचलेलं असतं, ते पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नका. भाषणाला एकच मुद्दा पुरतो: रक्त फार काळ साठवून ठेवता येत नाही.

सुरुवात थेट तिथूनच करा. रक्तपेढीतून एक रिकामी पिशवी मागून घ्या आणि ती हातात धरून सांगा, “या पिशवीवर औषधाच्या बाटलीसारखी मुदत लिहिलेली असते. यातल्या तांबड्या पेशी थंड जागी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट्स साधारण पाच दिवस, आणि त्याही एका सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या खराब होतात.” मग नियमित रक्तदान का, हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. आज शंभर पिशव्या जमल्या आणि पुढे तीन महिने कुणीच आलं नाही, तर तिसऱ्या महिन्यातल्या रुग्णाला आजच्या गर्दीचा उपयोग नाही.

त्यानंतर एकच उदाहरण घ्या, पण त्याचा हिशेब सगळा मांडा. मी थॅलेसेमियाचं घेतो. या आजारात शरीर पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही, म्हणून गंभीर थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली, तर वर्षाला सतरा. एक दाता तीन महिन्यांनी एकदा देतो असं धरलं, तर त्याच्या वर्षाला चार पिशव्या. म्हणजे एका मुलासाठी चार-पाच माणसं वर्षभर न चुकता यायला हवीत. हे बोलताना समोरच्या पाच जणांना उभं राहायला सांगा. सतरा हा आकडा विसरला जातो, उभी राहिलेली पाच माणसं लक्षात राहतात.

गैरसमजांची यादी वाचू नका. खरी माहिती आधी सांगा, गैरसमज ओघात येऊ द्या, कारण आधी ऐकलेलंच डोक्यात राहतं. तीन गोष्टी पुरतात. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असते, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढली जाते. त्यामुळे देणाऱ्याला संसर्ग होत नाही. रक्तातला द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, शरीरातल्या लोहाला त्याहूनही जास्त. म्हणून दोन रक्तदानांत महिन्यांचं अंतर ठेवतात आणि आधी हिमोग्लोबिन तपासतात. आणि “माझा गट तर सगळ्यांचाच असतो” म्हणणाऱ्याला सांगा, की मग त्या गटाचे रुग्णही तितकेच जास्त असतात.

चक्कर येण्याबद्दल मात्र खोटा धीर देऊ नका. एका शिबिरात मी ठासून म्हटलं होतं, “कुणालाही काही होत नाही.” दहाच मिनिटांत दुसऱ्या खाटेवरची मुलगी पांढरीफटक पडली, कपाळावर घाम आला. पाय उंच करून झोपवल्यावर ती लवकरच सावरली, पण दारातली रांग विरळ झाली होती. माझ्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. आता मी सांगतो, “काही जणांना, विशेषतः पहिल्या वेळी, चक्कर येते. उपाशी येऊ नका, आधी दोन ग्लास पाणी प्या, सुई टोचली असताना मांड्यांचे स्नायू आवळून सैल करत राहा, नंतर पंधरा मिनिटं बसा. घेरी आली तर लगेच सांगा.”

एक वाक्य मात्र भाषणातून काढूनच टाका: “रक्त दिलं की एचआयव्हीची तपासणी फुकटात होते.” संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर तो तपासणीत सापडेलच असं नाही आणि ते रक्त रुग्णाला जाऊ शकतं. ज्याला शंका आहे त्याने तपासणी केंद्रात जावं, शिबिरात नाही. याच कारणासाठी हजेरी, गुण किंवा भेटवस्तूचं आमिषही नको. त्यासाठी आलेला मुलगा प्रश्नावलीत ताप, औषध, नुकताच काढलेला टॅटू लपवतो. भाषणात उलट सांगा, की आज नाही म्हणून परत पाठवलं, तर त्यात कमीपणा नाही.

वय, वजन आणि अंतराचे नियम सगळीकडे सारखे नसतात. ते आदल्या दिवशी त्या रक्तपेढीच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या, आठवणीतून सांगू नका. मग शेवटी पुढच्या शिबिराची तारीख जाहीर करा, आणि आज रक्त देणाऱ्या प्रत्येकाने बिस्किटं खात बसल्या बसल्या आपली पुढची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये घालावी, एवढं सांगून खाली बसा.