कॉइल, मशीन, क्रीम की पॅच? डास पळवायच्या नादात या चुका टाळा

पावसाळा आला की दुकानात डासांचं अख्खं एक रॅक लागतं आणि आपण त्यातलं जे समोर दिसेल ते उचलतो, काम नाही केलं तर त्यात दुसरं ऍड करतो. घोळ तिथेच होतो. कॉइल आणि मशीन दोन्ही खोलीच्या हवेत औषध सोडतात, म्हणजे ते चालणार की नाही हे बरंचसं हवा किती कोंडलीय त्यावर ठरतं. क्रीमचं तसं नाही, ती अंगावर असते, तिला खिडकीशी देणंघेणं नाही. एवढा फरक कळला तरी पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

चूक 1: खिडक्या लावून रात्रभर कॉइल

कॉइलमध्ये डासांचं औषध अगदी नावाला असतं, बाकी सगळा लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, चिकटवायला स्टार्च आणि रंग. म्हणजे तुम्ही 7-8 तास खोलीत भुसा धुमसवताय. 2003 मध्ये मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल्सवर एक अभ्यास झाला होता, त्यात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण (पीएम 2.5) साधारण 75 ते 137 सिगारेटींएवढे निघाले, फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू तर काही कॉइल्समध्ये 51 सिगारेटींएवढा. हे कोणी सिगारेट ओढल्यासारखं थेट छातीत घेत नाही हे खरं, पण 10 बाय 10 च्या खोलीत बाळाच्या पाळण्याखाली लावली तर फरक तो कितीसा राहतो?

आता गंमत बघा, खिडकी उघडली की धूर जातो पण डास परत येतात, बंद केली की डास मरतात पण धूर आपल्या वाट्याला. म्हणून कॉइल घराबाहेरची वस्तू आहे असं माझं स्पष्ट मत. गच्चीवर, अंगणात, ओट्यावर बसताना, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवून लावा, तिथे ती ठीक काम करते. "स्मोकलेस" कॉइलने पण फार हुरळून जाऊ नका, त्यात कोळशाची भुकटी असते, धूर कमी दिसतो पण कार्बन मोनॉक्साइड दिसतच नाही ना.

आणि ती सुट्टी, स्वस्तातली डासांची अगरबत्ती, "हर्बल" लिहिलेली पण डास पटापट पडतात अशी? पाकिटावर सीआयआर नंबर शोधा. घरगुती कीटकनाशकाला सरकारी नोंदणी लागते, नंबर नसेल तर आत कुठलं औषध किती घातलंय हे कोणालाच माहीत नाही. डास इतके पटापट पडतायत म्हणजे नुसत्या कडुलिंबाने पडत नाहीत.

चूक 2: मशीन लावलं की झालं

लिक्विड मशीनमध्ये काही जळत नाही, वात गरम होते आणि ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं औषध वाफ होऊन हवेत जातं. धूर नाही म्हणून घरात कॉइलपेक्षा कधीही बरं. पण "मशीन चालू आहे तरी चावतात" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते, तर एक उदाहरण नीट बघू.

माझ्या वहिनीची ठाण्यात 10 बाय 11 ची बेडरूम, बाल्कनीचं दार संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत उघडं कारण हवा पाहिजे, मशीन रात्री दहाला लागणार आणि ते पण पलंगाच्या मागच्या सॉकेटमध्ये, गादीचा पलंगपोस त्यावर लोंबतोय. पोरं रोज खाजवत उठायची मग त्यात कॉइल पण सुरू झाली. "मशीनमध्येच दम नाही गं," असं वहिनीचं म्हणणं. दम होता, वेळ चुकत होती. क्युलेक्स डास अंधार पडता पडता आत शिरतात आणि दार तेव्हाच सताड उघडं, म्हणजे दहा वाजेपर्यंत सगळे पडद्यामागे, कपाटाखाली मुक्कामाला.

मग काय केलं, तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बाल्कनीचं दार बंद, मशीन हाय मोडवर एक्स्टेन्शन लावून पलंगापासून लांब पण मोकळ्या जागी, माणसं हॉलमध्ये. झोपायच्या वेळी लो मोड, पंखा चालू आणि जाळी असलेली खिडकी थोडी उघडी. जाळी नसेल तर खिडकी उघडी ठेवून मशीन लावणं म्हणजे गल्लीतल्या डासांना पळवण्याचा खर्च आपण करणं. कॉइल अर्थातच बंद झाली. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली असतात, त्यामुळे एकावर दुसरं लावून नवीन काही मिळत नाही, फक्त धूर मिळतो.

एवढं करूनही फरक पडत नसेल तर रिफिल काढून वात बघा. टोक काळं, कडक झालं असेल तर बाटलीत औषध असूनही वर येत नाही. दुसऱ्या कंपनीची रिफिल घातली असेल तर वात हीटरच्या मधोमध बसतेय का तेही बघा, तिरकी असली तर नीट तापत नाही. वात ठीक, वेळ ठीक, आणि तरी डास मशीनच्या आजूबाजूला मजेत फिरतायत असं दिसलं तर तुमच्या भागातले डास या औषधाला सरावलेले असू शकतात, मग हाय मोड वाढवत बसू नका, मच्छरदाणी लावा. कंटाळवाणा उपाय आहे पण हवेत काहीच सोडत नाही. घरात दमा असलेलं कोणी असेल तर मी तरी थेट तिथूनच सुरुवात करेन. फिशटँक असेल तर मशीन त्या खोलीत नकोच, ही औषधं माशांना फार विषारी असतात.

चूक 3: क्रीम फक्त रात्री, आणि एक ठिपका

डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. तेव्हा पोरं शाळेत, ग्राउंडवर, क्लासला, तिथे तुमचं मशीन पोचणार नाही. इथे क्रीमला पर्याय नाही. पण क्रीम जिथे लावली तिथेच चालते, हाताला लावली म्हणून घोटा वाचत नाही, आणि एडिसला पाय आवडतात. उघड्या त्वचेवर सगळीकडे सारखी पसरवा, सनस्क्रीन लावत असाल तर आधी ते आणि मग क्रीम. घाम आला, पोहून आलं की परत लावायची. लहान मुलांच्या तळहातांना लावू नका, ते तोंडात जातात. अगदी तान्ह्या बाळाला क्रीमपेक्षा पाळण्याची जाळीच बरी.

चूक 4: पॅचवर भिस्त

शर्टावर चिकटवायचे ते कार्टूनवाले पॅच, त्यात सिट्रोनेला, निलगिरी असं तेल असतं. हवेला त्रास नाही, मान्य. पण तेल लवकर उडतं आणि वास पॅचच्या आसपासच राहतो. 2017 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात असली तेलं भरलेले हातातले पट्टे तपासले तर डासांना फरकच पडला नाही, डीट नावाचं डास पळवणारं औषध असलेले स्प्रे मात्र चालले. पॅच तेच तेल दुसऱ्या पॅकिंगमध्ये. पोराला आवडतो म्हणून लावा हवं तर, पण क्रीमच्या ऐवजी नाही.

चूक 5: रिफिल पोराच्या हाताला लागेल अशी

जमिनीलगतच्या सॉकेटमध्ये मशीन, खाली रांगतं मूल. बाटलीत औषधासोबत रॉकेलसारखं द्रावण असतं, मुलाने तोंडाला लावलं तर घाबरून ओकारी काढायला जाऊ नका. उलटीतून ते फुफ्फुसात गेलं तर जास्त धोका. तोंड पुसा, बाटली बरोबर घ्या आणि थेट हॉस्पिटल, डॉक्टरला लेबल वाचायला मिळालं पाहिजे.